मदत हवी आहे : नवरात्राच्या उपवासात लोणार, वेळ कशी बसवू?

मेहकरजवळच्या खेड्यातून अष्टमीला सासूबाईंना घेऊन लोणारला जायचं आहे. त्यांचे नऊ दिवसांचे उपवास आहेत, शुगरची गोळी सुरू आहे, म्हणून निरंकार चालणार नाही. दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात हवंच. मीठ फक्त सैंधव, म्हणून हॉटेलचं नको. तिथले वेफर्स भज्यांच्याच तेलात तळतात.

ठरवलंय असं: सकाळी सहाला दही-राजगिऱ्याची भाकर, सातला विवरात उतरून कमळजा देवी, ऊन चढायच्या आत वर. मग सावलीत जेवण, दुपारी दैत्यसूदन मंदिर. खरी अडचण डब्याची. साबुदाण्याची उसळ थंड झाली की वातड होते आणि नुसत्या साबुदाण्यानं शुगर चढते. भगर गरम असतानाच डबा बंद केला तर दुपारपर्यंत आंबते. सध्या विचार राजगिऱ्याच्या भाकरी, कोरडी दाण्याची चटणी, काकडी आणि ताक असा आहे. उतरताना सोबत दाणे आणि पाणी राहीलच.

अष्टमीच्या गर्दीत साठीच्या बाईला उतरून, दर्शन घेऊन वर यायला खरोखर किती वेळ लागतो? तीन तासांच्या वर जात असेल तर जेवण खालीच न्यावं, की आधी दैत्यसूदन उरकून विवर दुसऱ्या दिवसावर टाकावं?