पंख 'मिटतो', 'दुमडतो' की 'आखडतो'?

तापीकाठची: जळगावात मुलांना अॅनिमेशन शिकवते. उडत्या गायबगळ्यावर मराठीत टिपण लिहितेय. पंख खाली मारतो तो 'फटका', इथवर जमलं. वर नेताना तो पंख जवळ घेतो, तिथे 'मिटतो' लिहिलं तर मुलं पंख थेट अंगाला चिकटवतात. दुसरा शब्द सुचवा.

भुसावळ पॅसेंजर: 'फडफडतो' लिहा की. सोपं, सगळ्यांना कळतं.

जुना चितारी: फडफड पकडलेल्या कोंबडीची. बगळा पंख मारतो. आणि मिटतो तो बसल्यावर. वर नेताना फक्त कोपर वाकतं, मनगट आधी वर निघतं आणि टोकाची पिसं मागून लोंबत येतात. म्हणून 'दुमडतो'.

माझा हिशेब 8 चित्रांचा. सेकंदाला 24 फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम. 1 ला पंख सगळ्यात वर, 5 ला सगळ्यात खाली. 3 ला पंख पूर्ण पसरलेला, हवेच्या दाबानं टोकं वर वाकलेली. 6 ला मनगट वर निघालं, पण टोकं अजून खालीच चाललीत. 7 ला मनगट खांद्याच्या वर, टोकं खाली. आता 3 आणि 7 एकमेकांवर ठेवून बघा. आकार सारखा दिसला तर पक्षी उडत नाही, फळी हलतेय.

धुळेकर: वर जाताना पिसांमध्ये फटी पडतात, त्यातून हवा जाते. मग दुमडायचं कशाला?

जुना चितारी: फटी पडतात, खरं आहे. पण पंख आखूड झाला की हवेचा अडथळाही कमी होतो. गायबगळ्यात दुमडणंच डोळ्यात भरतं. पिसं सुटी दाखवलीत तर वरची भर.

केळीबाग: माझ्या पोराचा कावळा दर फेरीला वर गेला की अडखळतो. शब्द चुकला का?

जुना चितारी: शब्दाचा काय संबंध? त्यानं पहिलं चित्र शेवटी पुन्हा टाकलं असणार. आठव्यानंतर थेट पहिलं यायला हवं. अंगही बघा: फटक्याला थोडं उचलतं, पंख वर जाताना बसतं. ते एकाच जागी खिळलं तर पक्षी दोरीला टांगल्यासारखा दिसतो.

चाळीसगावकर: आमच्या अहिराणीत 'पंख आखडी लेस' म्हणतील. मराठीतही 'हात आखडता घेणे' आहेच. थोडंसं जवळ घेतलं, पूर्ण नाही. नेमका हाच अर्थ.

भुसावळ पॅसेंजर: थंडीत माझी मान आखडते. मुलं ताठर पंख काढतील!

तापीकाठची: 'आखडता घेतो' लिहिलं तर ताठरपणा येत नाही. चित्राखाली 'दुमडतो' ठेवते, मजकुरात हे. पण 8 वरून 1 वर जाताना टोकं झटकन वर उघडतात, त्या क्षणाला काय म्हणायचं?

जुना चितारी: 'उलगड'?

चाळीसगावकर: उलगड फार सावकाश वाटते. दोन फ्रेममध्ये होणाऱ्या गोष्टीला 'झटका' बरा.