बॅकटेस्टमध्ये नफा, खात्यात तोटा: दोष ब्रोकरेजचा की स्ट्रॅटेजीचा?

टॉवेल_लूम: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. पायथन शिकून इंट्राडेचा अल्गो लिहिला. पाच मिनिटांच्या कँडलवर दोन मूव्हिंग ॲव्हरेजचा क्रॉस, पाचशेच्या आसपास भाव असलेले तीन मोठे शेअर, दर सौदा २० हजारांचा. जुन्या भावांवर चालवून बघितला, त्या बॅकटेस्टला महिन्याला २,५६० रुपये दिसत होते. पहिल्या महिन्यात १६० सौदे झाले आणि खात्यातून उलट साडेचौदाशे गेले. ब्रोकरेज खातंय असं दिसतं. झिरो ब्रोकरेजवाला बघू का?

नवी_पेठ_काका: बघ की! यात विचारण्यासारखं काय आहे? ऑर्डरला २० रुपये, घेताना एक विकताना एक, म्हणजे ४० रुपये. २० हजारांच्या सौद्यावर ४० रुपये देणारा माणूस कमावणार कधी? एक तर ब्रोकर बदल, नाहीतर सौदा दोन लाखांचा कर. इंट्राडेला पाच पट मार्जिन मिळतंच. २० रुपये तेच राहतात, नफा दहा पट होतो.

हुरडा_पार्टी: अगदी खरंय ओ. मी दर आठवड्याला दोन-तीन हजारांचे शेअर घेतो आणि चार-पाच दिवसांनी विकतो. ब्रोकरेज शून्य आहे म्हणून खाते उघडलं, तर विकताना दर वेळी डीमॅटमधून शेअर काढायचा डीपी चार्ज कापतात. दोन हजारांच्या विक्रीवर पंधरा-वीस रुपये! आम्ही काय करावं?

पट्टी_वाचणारा: हुरडा, तुमचं डिलिव्हरीचं आहे. तिथे एसटीटी, म्हणजे सरकारचा सौद्यावरचा कर, घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का, वर डीपी चार्ज. तो शेअरमागे दिवसाला एकदाच लागतो, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळ्या दिवशी विकू नका. इथे प्रश्न इंट्राडेचा आहे, डीपी त्यात येत नाही.

काका, तुमचे ४० रुपये इथे लागू होत नसावेत. काही डिस्काउंट ब्रोकरांचा नियम ‘२० रुपये किंवा ०.०३ टक्के, जे कमी असेल ते’ असा असतो. २० हजारांवर ०.०३ टक्के म्हणजे ६ रुपये. २० रुपयांची मर्यादा साधारण ६६ हजारांच्या पुढे लागते.

टॉवेल, तुझी एक कॉन्ट्रॅक्ट नोट काढ आणि कांद्याची पट्टी वाचतात तशी वाच. मार्केट यार्डात आपण भाव विचारतो, पण हातात काय पडणार ते हमाली, तोलाई आणि गाडीभाडं ठरवतं. २० हजारांच्या एका सौद्याची, म्हणजे घेणं आणि विकणं मिळून, वजावट अशी: ब्रोकरेज १२ रुपये. एसटीटी फक्त विक्रीवर, ०.०२५ टक्के, म्हणजे ५ रुपये. एक्स्चेंजचा चार्ज लाखाला ३ रुपयांच्या आसपास, दोन्ही बाजूंना, म्हणजे १ रुपया २० पैसे. स्टॅम्प ड्युटी खरेदीवर ६० पैसे. सेबीची फी ४ पैसे. ब्रोकरेज, एक्स्चेंज आणि सेबीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, २ रुपये ३८ पैसे. एकूण २१ रुपये २२ पैसे.

तुझा अल्गो सौद्यामागे कमावतो किती? २,५६० भागिले १६०, म्हणजे १६ रुपये. सोळाची कमाई आणि एकवीसची वजावट! १६० सौद्यांना ३,३९५ रुपये लागले. २,५६० मधून ते गेले की उणे ८३५.

टॉवेल_लूम: पण माझे १,४७५ गेलेत. उरलेले ६४० कुठे गेले?

पट्टी_वाचणारा: ते कुठल्याच चार्जच्या रकान्यात सापडणार नाहीत. ६४० भागिले १६०, म्हणजे सौद्यामागे बरोबर ४ रुपये. तुझ्याकडे ४० शेअर असतात. ४ रुपये म्हणजे शेअरमागे १० पैसे, घेताना ५ आणि विकताना ५. त्या भावाच्या शेअरची टिकच, म्हणजे भाव हलायची सर्वांत लहान पायरीच, ५ पैशांची. बॅकटेस्ट कँडलच्या क्लोज भावाला सौदा झाला असं धरतो. खरा मार्केट ऑर्डर समोरच्याच्या भावाला जातो, म्हणजे घेताना एक टिक वर आणि विकताना एक टिक खाली. नोटमधला तुझा सरासरी भाव आणि त्या कँडलचा क्लोज शेजारी ठेवून बघ.

टॉवेल_लूम: काल रात्री बसून १६० सौद्यांच्या ३२० ओळी जुळवल्या. एक्सेलमध्ये दोन रकाने, एकात अल्गोच्या लॉगमधला भाव, दुसऱ्यात नोटमधला. एखाद-दुसऱ्या ओळीत माझ्या बाजूने फरक आहे, बाकी सगळीकडे ५ पैसे, कुठे १० पैसे माझ्याविरुद्ध. वजावटीआधीचा नफा १,९२० निघतो. म्हणजे तुमचं बरोबर आहे. एका दिवशी स्क्रिप्ट अडकली होती आणि ब्रोकरने स्वतः पोझिशन बंद केली, त्याचे ५० रुपये अधिक जीएसटी वेगळे गेलेत, ते मी यात धरले नाहीत.

नवी_पेठ_काका: मग माझं म्हणणं चुकलं कुठे? झिरो ब्रोकरेज घेतलं तर १२ रुपये आणि त्यावरचा जीएसटी वाचतो. एकवीसातले चौदा रुपये गेले की राहतात सात. आता कर हिशेब.

पट्टी_वाचणारा: करतो. ७ रुपये ६ पैसे गुणिले १६० म्हणजे १,१३०. १,९२० मधून ते गेले की उरतात ७९०. काका, इथे तुमचं बरोबर आहे, एवढ्या छोट्या सौद्यात सर्वांत मोठी वजावट ब्रोकरेजचीच आहे. मात्र ‘झिरो’ लिहिलेलं असतं ते बऱ्याच ठिकाणी डिलिव्हरीपुरतं, इंट्राडेचा रकाना वेगळा असतो. काही ठिकाणी अल्गो ब्रोकरला जोडणाऱ्या एपीआयचं महिन्याचं भाडं असतं, सर्व्हरचं वेगळं. ५०० रुपये भाडं पडलं तर ७९० चे २९० झाले.

दोन लाखांच्या सौद्याशी मात्र मी सहमत नाही. तिथे ब्रोकरेज ४० वर थांबतं हे खरं, पण एसटीटी थांबत नाही, तो ५० रुपये होतो आणि ब्रोकरेजच्या पुढे जातो. एक्स्चेंज १२, स्टॅम्प ६, सेबी ४० पैसे, जीएसटी ९ रुपये ४३ पैसे. बेरीज ११७ रुपये ८३ पैसे. कमाई सोळाच्या दहा पट, १६०. उरले ४२ रुपये. आता शेअर ४००, आणि येता-जाता १० पैसे घसरले की ४० रुपये गेले. हातात दोन रुपये.

नवी_पेठ_काका: २०२३ मध्ये आपल्या यार्डात ५१२ किलो कांद्याच्या पट्टीवर दोन रुपयांचा चेक निघाला होता, त्याची आठवण करून दिलीस बघ.

पट्टी_वाचणारा: त्या शेतकऱ्याने निदान उधार घेऊन कांदा विकला नव्हता. इथे दोन रुपयांसाठी लाखभर रुपये उधारीवर. एखादा दिवस उलटा गेला की तोटाही दहा पट.

टॉवेल, पुढच्या बॅकटेस्टमध्ये एवढं घाल. `buy` आणि `sell` म्हणजे सौद्याची पूर्ण रक्कम, `qty` म्हणजे शेअर:

```python
def vajavat(buy, sell, qty, tick=0.05):
    brok = min(20, 0.0003*buy) + min(20, 0.0003*sell)
    exch = 0.00003 * (buy + sell)
    sebi = 0.000001 * (buy + sell)
    gst = 0.18 * (brok + exch + sebi)
    stt = 0.00025 * sell
    stamp = 0.00003 * buy
    slip = 2 * tick * qty
    return brok + exch + sebi + gst + stt + stamp + slip
```

हे दर इंट्राडे कॅशचे आहेत. फ्युचर्स-ऑप्शन्सला एसटीटी वेगळा, तिथे हे जसंच्या तसं चिकटवू नकोस.

सात_रस्ता_मॅडम: सीएच्या ऑफिसात काम करते म्हणून एक सांगते. इंट्राडे हा सट्टा-व्यवसाय धरला जातो, त्यामुळे ब्रोकरेज, एसटीटी हे सगळं खर्च म्हणून वजा करता येतं. त्यामुळे खर्चाचा एवढा बाऊ करायची गरज नाही.

पट्टी_वाचणारा: मॅडम, वजा होतं ते नफ्यातून. याला नफाच नाही. आणि हा तोटा पगारातून वजा होत नाही ना?

सात_रस्ता_मॅडम: नाही, पगारातून नाही. सट्ट्याच्याच नफ्यातून, आणि रिटर्न वेळेत भरलं तर पुढची चार वर्षं. ते खरं आहे. पण मुलांनो, रिटर्नमध्ये दाखवा तरी! आमच्याकडे येणारे निम्मे लोक ‘तोटाच झाला, दाखवायचं काय’ म्हणतात.

होटगी_रोड_क्वांट: सगळेच चार्जच्या मागे लागलात. चार्ज आधीपासून माहीत असतात, दोष स्ट्रॅटेजीचा आहे. ०.०८ टक्क्यांची कमाई ही कमाईच नाही. सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासात २०२२-२३ ला इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा होता, आणि तोट्यातल्यांनी त्या तोट्याच्या वर आणखी ५७ टक्के रक्कम सौद्यांच्या खर्चात घातली होती. उपाय एकच, सौदे कमी कर. ॲव्हरेजचा क्रॉस झाला की लगेच उडी नको, भाव अर्धा टक्का तरी सरकायची शक्यता असेल तेव्हाच घे. १६० चे ४० सौदे कर आणि सौद्यामागे ०.३ टक्के मिळव. ६० रुपयांतून २१ आणि ४ गेले तरी ३५ उरतात. चाळीस सौद्यांचे १,४००.

पट्टी_वाचणारा: दिशा बरोबर आहे, पण ‘०.३ टक्के मिळव’ हे कुणाला सांगतोस? फिल्टर लावला की सौदे नक्की कमी होतात, सौद्यामागची कमाई वाढेल याची खात्री नाही. आणि चाळीस सौद्यांवर सरासरी कशी ठरवणार? एकेक सौदा पाऊण-एक टक्का इकडे-तिकडे होतो. चाळीसांत तीन-चार मोठे सौदे नशिबाने चांगले लागले तरी ०.३ दिसेल. ज्या महिन्यांवर फिल्टर बसवलास ते सोडून दुसऱ्या वर्षाच्या डेटावर तेच आकडे आले तर बोल.

होटगी_रोड_क्वांट: म्हणजे काहीच करू नको? तुमच्या पद्धतीने तर कुठलीच स्ट्रॅटेजी पास होणार नाही.

पट्टी_वाचणारा: बऱ्याच होत नाहीत.

टॉवेल_लूम: क्वांट म्हणतो तसा फिल्टर लावून बघितला. ज्या सहा महिन्यांवर बसवला तिथे वजावटीनंतर सौद्यामागे ३१ रुपये. आधीच्या वर्षावर चालवला तर ६ रुपये. म्हणजे नफ्यात आहे, पण स्क्रिप्ट अडकून एकदा जरी ५० कापले गेले तर आठ-नऊ सौद्यांची कमाई संपली.

आणखी एक केलं. टिकचे ४ रुपये वाचावेत म्हणून मार्केट ऑर्डरऐवजी लिमिट लावली आणि आठवडाभर कागदावर चालवलं. निम्म्या ऑर्डर भरल्याच नाहीत. गंमत म्हणजे ज्या भरल्या त्यांतले बहुतेक सौदे तोट्यातले, आणि ज्या सुटल्या ते भाव वर पळालेले.

नवी_पेठ_काका: योगायोग असेल. एक आठवडा म्हणजे काय!

पट्टी_वाचणारा: काका, योगायोग नसावा. भाव खाली येत असेल तेव्हाच कुणी तुझ्या लिमिटला माल देतो. पळणारा भाव तुझ्यापर्यंत येतच नाही. पण या शेअरांत नेमका किती फरक पडतो हे एका आठवड्यावरून मलाही सांगता येणार नाही. टॉवेल, महिनाभर कागदावरच चालू दे, आणि न भरलेल्या ऑर्डरचाही रकाना ठेव.

हुरडा_पार्टी: माझ्या डीपी चार्जचं काय झालं?