झेरॉक्स काउंटरवर मूळ, कंपॅटिबल की रिफिल: पानामागे खर्च नेमका किती?

संदीप: तहसील कचेरीजवळ माझे झेरॉक्सचे दुकान असून एचपी एम १००५ यंत्रात १२ए कार्ट्रिज लागते. आमच्याकडे मूळ ५,००० रुपयांना, कंपॅटिबल ६०० रुपयांना मिळते आणि रिफिल २०० रुपयांत होते. प्रतीचा दर २ रुपये आहे. यातले काय परवडेल?

महेश: कंपनी मूळ कार्ट्रिजची २,००० पाने सांगते, पण ती पानाचा सुमारे ५ टक्के भाग काळा धरून. सातबारा आणि फोटो असलेली ओळखपत्रे यांना त्याच्या दुप्पट पावडर लागते असे धरले, तर हजारच पाने निघतील. म्हणजे मूळचे पान ५ रुपयांना पडते आणि तुमच्या दरात तो पर्याय उरतच नाही. कंपॅटिबलचीही हजार पाने निघाली तर खर्च ६० पैसे येतो. रिफिलचे २० पैसे दिसतात खरे, पण दर तिसऱ्या भरणीला ड्रम आणि ब्लेड बदलण्याचे ३०० रुपये त्यात वाटून घातले की ते ३० पैसे होतात.

सुहास: माझ्या घरी मूळ कार्ट्रिज वर्षभर पुरते आणि छपाईही उत्तम येते, त्यामुळे मला तरी तेच स्वस्त वाटते.

महेश: सुहासजी, तुमची छपाई महिन्याला वीस-पंचवीस पानांची असेल. इथे तेवढी पाने पहिल्या अर्ध्या तासात निघतात.

प्रकाश: रिफिलमुळे यंत्राचे आयुष्य संपते, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

अनघा: प्रकाशजी, ड्रम कार्ट्रिजमध्येच असल्यामुळे त्याची झीज यंत्राला लागत नाही, गळलेली पावडर मात्र आत पसरते आणि पानाची मागची बाजू काळी होऊ लागते. तरीही महेशजींचा हिशेब मला अपुरा वाटतो. हजार पानांमागे रिफिल ३०० रुपये वाचवते. कागदाचे ६० पैसे आणि पावडरीचे ३० पैसे वजा जाता तुम्हाला एका प्रतीमागे १.१० रुपये सुटतात, म्हणजे ती बचत जेमतेम पावणेतीनशे प्रतींची कमाई आहे. दाखल्यांच्या दिवसांत पानावर उभी रेघ उमटू लागली आणि रांगेतले लोक शेजारच्या दुकानात गेले, तर तेवढे नुकसान एका दुपारी होते.

महेश: त्यासाठी भरलेले दुसरे कार्ट्रिज हाताशी ठेवावे. सलग उभी रेघ बहुधा ब्लेडची असते. तोच डाग दर ७५ मिलिमीटरवर पुन्हा दिसला, तर दोष ड्रमचा असतो. बोट घासल्यावर अक्षरे पुसली जात असतील, तर ती पावडर त्या यंत्राला चालत नाही.

संदीप: भरणारा वाया गेलेली पावडर काढतो की नाही, हे कसे कळावे?

महेश: नव्या कार्ट्रिजचे वजन लिहून ठेवावे. भरून आलेले त्याहून बरेच जड लागले, तर जुनी पावडर आतच आहे आणि ती पुढे पानावर सांडणार.

अनघा: एवढे तपासायला गर्दीत वेळ कोणाला असतो? मी जून-जुलैत कंपॅटिबलच वापरीन.