कपाटातला दिवा: बॅटरी की वायर?
"कपाट तयार आहे. दार उघडलं की आत दिवा लागावा, पण वायर दिसायला नको. बॅटरीवाले घेऊ का?"

एखाद्या कप्प्यापुरते चालतील, पण चार्जिंगचा लवकरच कंटाळा येतो. जवळ सॉकेट असेल तर १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावा. घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा ड्रायव्हर कपाटाच्या डोक्यावर, हवा लागेल असा ठेवा. मागच्या प्लायला कोपऱ्यात भोक पाडून वायर आत घ्या. पुढे ती, पट्टी ज्या ॲल्युमिनियमच्या खाचेत म्हणजे प्रोफाइलमध्ये बसते, त्यातच दडते.

दार उघडलं की दिवा लावणारा सेन्सर वरच्या फळीला, दाराकडे तोंड करून बसवा. माझं दार जरा वाकलेलं, त्यामुळे फट राहायची आणि सेन्सरला दार बंद झाल्याचं कळायचंच नाही. दिवा रात्रभर चालू! मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवला, दार लावलं, तेव्हा चोरी पकडली. बिजागरीचा स्क्रू फिरवून फट घालवली.