मदत हवी आहे: वरच्या मजल्यावर डिशवॉशर, पाण्याचा दाब पुरेल का?

नमस्कार मंडळी. आमचा वन बीएचके चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. ओट्याखाली जागा नाही, म्हणून ६० सेंमी रुंदीचा डिशवॉशर ड्राय बाल्कनीत ठेवायचा आहे. तिथे १६ अँपिअरचा अर्थिंगवाला पॉइंट आहे. वॉशिंग मशीनच्या नळाला टी लावून पाऊण इंची कनेक्शनही घेता येईल.

अडचण दाबाची आहे. मॅन्युअलमध्ये किमान ०.५ बार लिहिलंय, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा साधारण ५ मीटर उंच हवं. आमची टाकी जेमतेम ३ मीटर वर आहे. लहान प्रेशर पंप बसवावा का? कुणी बसवला असेल तर आवाज किती येतो?

दुसरं, प्लंबर म्हणतो की ड्रेनचा पाइप सरळ खाली नहाणीत सोडू. पण पाइप आधी वर उचलून नेला नाही, तर मशीनमध्ये भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं असं मला कळलंय. मॅन्युअलमध्येही किमान ४० सेंमी उंची सांगितली आहे. भिंतीवर स्टँडपाइप बसवून घेतलेल्यांनी कृपया फोटो टाका. परवा प्लंबर येतोय.