मीटर शून्याच्या खाली, तरी आवाज फाटतो कुठे?

झांजपथक
मास्टरवर लिमिटरचं सीलिंग -०.३ ठेवलंय. मीटर कधीच शून्याला टेकत नाही, लाल दिवा नाही. तरी बाहेरच्या हेडफोन डॅकवर झांजा फाटतात, लॅपटॉपच्या जॅकवर फाटत नाहीत. फाइल एकच. डॅक बदलू का?

रात्रपाळी
बदलू नका. मीटर दाखवतो ते फाइलमध्ये लिहिलेले आकडे, म्हणजे सॅम्पल. कानापर्यंत जाते ती त्या आकड्यांमधून काढलेली अखंड लहर, आणि लहरीचा माथा सॅम्पलवरच पडेल असा काही नियम नाही. बऱ्याचदा तो दोन सॅम्पलच्या मध्ये कुठेतरी पडतो, आणि तिथे मीटरचं लक्षच नसतं.

तोंडी होईल असा हिशेब घ्या. रेट ४४,१००, सूर ११,०२५ हर्ट्झचा. म्हणजे एका आवर्तनाला बरोबर चार सॅम्पल. फेज अशी धरा की माथा दोन सॅम्पलच्या मधोमध येईल. मग चारही सॅम्पल खऱ्या उंचीच्या ०.७०७ पटीवर पडतात. आता ही फाइल नॉर्मलाइझ करा. सॉफ्टवेअर फक्त सॅम्पल बघतं आणि त्यांना १, १, -१, -१ करून ठेवतं. मीटर म्हणतो शून्य. लहर मात्र १.४१४ वर गेलेली असते. पायथॉन असेल तर स्वतःच बघा:

```
import numpy as np
from scipy.signal import resample
n = np.arange(4096)
x = np.sin(2*np.pi*n/4 + np.pi/4)
x = x / np.max(np.abs(x))
y = resample(x, 4096*8)
print(20*np.log10(np.max(np.abs(y))))
```

३.०१ येईल. म्हणजे शून्याच्या तीन डीबी वर, आणि फाइलमध्ये एकही सॅम्पल क्लिप झालेलं नाही.

क्लिप होतं डॅकच्या आत. आजचे बहुतेक डॅक अ‍ॅनालॉगला जाण्याआधी मधले आकडे स्वतः काढतात, साधारण आठ पट. मधला आकडा १.४१ निघाला आणि त्या फिल्टरमध्ये १ च्या वर काही ठेवायला जागाच नसेल, तर तो १ वर छाटला जातो. काही बनवणारे फिल्टरच्या आधी सिग्नल खाली आणून जागा सोडतात. बेंचमार्कच्या डॅक२ मध्ये अशी साडेतीन डीबी जागा आहे. बरेच जण सोडत नाहीत, कारण जागा सोडली की सिग्नल-टू-नॉइजचा आकडा कागदावर तेवढा कमी दिसतो.

लॅपटॉपवर तुमचा सिस्टिम व्हॉल्यूम बहुधा पूर्ण वर नसणार, म्हणून तिथे आकडे फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच खाली येतात. डॅकवर तुम्ही डिजिटल व्हॉल्यूम शंभर टक्के ठेवून त्याच्या नॉबने आवाज कमी-जास्त करत असाल. आता उलट करा. प्लेअरमध्ये चार डीबी कमी आणि नॉब तेवढाच वर. फाटणं गेलं तर हेच कारण. मास्टरवर उपाय साधा आहे: लिमिटर आहे तसा राहू द्या, त्याच्या नंतर गेन दीड-दोन डीबी खाली घ्या.

सदाशिव_पेठ_ऑडिओ
क्षमस्व, पण हे पटत नाही. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणली तर ती खुंट्यांच्या वर कशी जाईल? सॅम्पल शून्याखाली असतील तर त्यांच्या मधलं सगळं शून्याखालीच. गणितातली एक विकृत केस दाखवून लोकांना घाबरवू नये.

रात्रपाळी
दोरी ताणलेली असती तर तुमचंच खरं होतं. पण ताणलेल्या दोरीला प्रत्येक खुंटीवर कोपरा येतो, आणि कोपरा काढायला २२,०५० हर्ट्झच्या वरचे सूर लागतात. ते त्या फाइलमध्ये असूच शकत नाहीत. त्याखालच्या सुरांतून बनलेली आणि सगळ्या खुंट्यांमधून जाणारी लहर एकच निघते, आणि ती वळण घेताना खुंटीच्या वरून जाते. डॅक तीच काढतो. तो सरळ रेघा जोडत नाही.

विकृत केस मात्र खरंच आहे, तेवढं मान्य. साध्या सुरासाठी मीटर जास्तीत जास्त किती चुकेल ते cos(π·f/fs) ने कळतं. १ किलोहर्ट्झला ही चूक ०.०२ डीबीच निघते, म्हणजे तंबोरा किंवा गळा एकट्याने काही बिघडवत नाही. बिघाड वरच्या पट्टीत होतो, तोही लिमिटरने माथे सपाट केल्यावर. सपाट माथ्याच्या कडांना लहर उसळी मारते. म्हणून दाबून मास्टर केलेल्या, झांजांनी भरलेल्या गाण्यात शून्याच्या डीबीभर वर जाणं अगदी सर्रास दिसतं.

कोल्हापूरकर_साउंड
दादा, आमच्याकडे पण सेम प्रॉब्लेम. मिक्सरवर सगळं हिरवं असतं, पण मिरवणुकीत टॉप फाटतात. बेसला काही होत नाही. म्हणजे पेनड्राइव्हवरची गाणीच क्लिप असतात का?

रात्रपाळी
भाऊ, तुमचं दुखणं वेगळं आहे. अँप्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर चालतोय किंवा टॉपच्या ड्रायव्हरवर जास्त पॉवर जातेय. खात्री करायची तर तेच गाणं हळू आवाजात त्याच सेटवर लावा. स्वच्छ आलं तर फाइल निर्दोष आहे. क्रॉसओव्हर आणि लिमिटरची सेटिंग बघणारा माणूस गाठा.

नव्वद_सहा_किलो
मी २०१० पासून सगळं ९६ किलोहर्ट्झवर करतो. सॅम्पल इतके जवळ येतात की माथा सुटतच नाही. प्रश्न मुळातच मिटतो, एवढी चर्चा कशाला?

रात्रपाळी
अर्धं बरोबर. तोच ११,०२५ चा सूर ९६ वर घेतला तर जास्तीत जास्त ०.६ डीबी सुटतो, तीन नाही. पण तुमचं गाणं शेवटी ४४.१ वर उतरतं ना? ९६ वर सॅम्पल पीक शून्याला टेकलेली फाइल उतरवताना फिल्टर वरचे सूर कापतो आणि लहरीचा आकार बदलतो. त्यातून नवे माथे निघतात. ते सॅम्पलवर पडले तर उतरवतानाच छाटले जातात, मध्ये पडले तर ऐकणाऱ्याच्या डॅकमध्ये. मिटला म्हणू नका, पुढे ढकलला म्हणा.

मापनवेडा
रात्रपाळींचा हिशेब बरोबर आहे, पण ११,०२५ च्या सुरावर कानाने काही सिद्ध होणार नाही. तो छाटला तर तिसरा हार्मोनिक ३३,०७५ वर जातो, तो कोण ऐकणार? मी डॅकचं आउटपुट ९६ वर चालणाऱ्या इंटरफेसमध्ये रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम बघतो. ३३,०७५ ला काडी उभी दिसते.

पण थांबा, ४४,१०० मधून ११,०२५ वजा केले तरी ३३,०७५ च येतात. म्हणजे फिल्टर नीट नसला तर सुराची इमेजही त्याच जागी दिसणार. वेगळं कसं ओळखायचं? सूर चार डीबी खाली घ्या. काडीही चारच डीबी खाली आली तर ती इमेज. ती जवळपास गायब झाली तर क्लिप. माझ्याकडच्या एका डॅकवर ती गायब झाली, दुसऱ्यावर चारच डीबी उतरली.

सदाशिव_पेठ_ऑडिओ
म्हणजे तुम्हीच कबूल केलंत की कानाला ऐकू येत नाही! मग रडगाणं कशासाठी?

मापनवेडा
एका सुराला नाही. दोन सूर घ्या, १० आणि ११ किलोहर्ट्झ. एकत्र छाटले गेले की ९ आणि १२ वर भेसळ येते, आणि ती थेट कानाच्या टप्प्यात. झांजेत असे शेकड्यांनी सूर असतात, त्यामुळे भेसळ खरखरीसारखी पसरते. गाण्यात कुठे ती जाणवते आणि कुठे बाकी आवाजाखाली दबते, हे माप घेऊन ठरत नाही. पट्टीच्या ऐकणाऱ्यांनाही दर वेळी जमत नाही.

बांद्रा_लाउड
मी रोज कमर्शियल मास्टर करतो. सॅम्पलच्या मधले माथेही धरणारा ट्रू पीक लिमिटर लावून बघा, ढोलकीची थाप मेणासारखी होते. आणि दीड डीबी खाली घेतलं तर क्लायंट रिक्षात बसून फोनवर दुसऱ्याच्या गाण्याशी ताडून बघतो आणि म्हणतो, 'आपलं बारीक वाटतंय.' वर स्पॉटिफाय नॉर्मलायझेशनने सरासरी लाउडनेस -१४ वर आणतोच. माझं -९ चं गाणं तिथे पाच डीबी खाली जातं. पाच डीबीत सगळे माथे बसतात. मग मी कुणासाठी पंच घालवू?

रात्रपाळी
लिमिटरबद्दल तुमच्याशी एकमत आहे. म्हणूनच वर गेन खाली घ्या म्हटलं, ट्रू पीक लिमिटर लावा म्हटलं नाही. थापेला धक्का न लावता जागा मिळते, आणि २४ बिटमध्ये दीड डीबीने काही हरवत नाही.

नॉर्मलायझेशन बंद ठेवणारे बरेच आहेत, सीडी आणि डाउनलोडला तर ते नसतंच. शिवाय एमपी३ किंवा एएसी करताना लहर जशीच्या तशी राहत नाही, माथे आणखी वर जातात, आणि बिटरेट कमी तितके जास्त. स्पॉटिफाय स्वतः -१ ट्रू पीक सांगतं, आणि -१४ पेक्षा मोठ्या मास्टरला -२. युरोपातल्या प्रसारणाचा आर१२८ सुद्धा -१ म्हणतो.

बांद्रा_लाउड
कागदावर -१, बाजारात +१. चार्टवरची गाणी मोजून बघा. क्लायंट त्यांच्याशी ताडतो, आर१२८ शी नाही. तुम्ही त्याला समजावा, मी माझ्या मास्टरला +०.८ पर्यंत जाऊ देणार.

मापनवेडा
जाऊ द्या, पण मीटर कोणता ते सांगा. बीएस १७७० या लाउडनेस मोजण्याच्या मानकातला ट्रू पीक मीटर ४८ वर चार पट ओव्हरसॅम्पल करतो, आणि चार पटीतही अगदी वरच्या सुरांना अर्ध्या डीबीहून थोडी जास्त चूक उरते. तुमचं +०.८ हे खरं +१.३ ही असू शकतं.

झांजपथक
करून बघितलं. प्लेअरमध्ये चार डीबी खाली, डॅकचा नॉब वर. झांजा स्वच्छ झाल्या. पण दुसऱ्या अंतऱ्यात ताशाची काडी पडते तिथे अजून तसंच कडकडतं, चार डीबी खाली घेतलं तरी आणि लॅपटॉपवर लावलं तरी.

रात्रपाळी
मग ताशाचं दुखणं डॅकमधलं नाही, ते फाइलमध्येच भाजलेलं आहे. लिमिटर काढून तोच तुकडा ऐका. तरी कडकडलं तर रेकॉर्डिंगच्या वेळचा प्रीअँप बघा. झांजांसाठी मास्टर पुन्हा काढा आणि हे चालवा:

```
ffmpeg -i master.wav -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी True peak खाली जो आकडा येईल तो इथे टाका. शून्याच्या वर निघाला तर तेवढं आणि वर एक डीबी खाली घ्या.

झांजपथक
Peak: 1.2 dBFS. म्हणजे २.२ खाली?

बांद्रा_लाउड
१.२ खाली घ्या आणि झोपा. वरचा एक डीबी क्लायंटला द्या.

रात्रपाळी
एमपी३ काढून परत मोजा, मग ठरवा.