मदत हवी आहे: मोकॅप क्लिप आखूड पायांच्या आजीवर चढवताना हात पोटात, पाय जमिनीत

चैत्रपालवी: ब्लेंडरमध्ये आजीचं पात्र केलंय. डोकं मोठं, पाय आखूड, रिग माझंच. मिक्सामोवरून एक माणूस आणि त्याच्या चालण्याची व उकिडवं बसून हंडा उचलण्यासारख्या हालचालीची क्लिप घेतली. हाडांची नावं वेगळी आहेत, म्हणून पायथॉनमध्ये जोड्या लावल्या: `mixamorig:LeftUpLeg` म्हणजे `thigh.L`, असं सगळं. मग दर फ्रेमला एका हाडाचं `rotation_quaternion` दुसऱ्यात टाकलं आणि कमरेचं सरकणंही माणसाएवढंच दिलं. आता हात पोटात घुसतात, गुडघे बाजूला वळतात आणि चालताना पाय घसरतात. जोड्या तीनदा तपासल्या, नावं बरोबर आहेत. माझी आजी 'ए' पोझमध्ये आहे, त्याने फरक पडतो का?

गेरू: क्लिपच्या आर्मेचरचं स्केल बघा, ०.०१ असेल. Ctrl+A करून स्केल अप्लाय करा, नीट होईल.

चैत्रपालवी: स्केल खरंच ०.०१ होतं. अप्लाय केलं तर क्लिपमधला माणूसच पहिल्या फ्रेमला पडद्याबाहेर गेला.

हाडवैद्य: ते अनडू करा. गेरूंनी स्केल बरोबर हेरलं, पण अप्लाय केल्यावर हाडं लहान होतात आणि `Hips`च्या जागेच्या कीफ्रेम्स सेंटीमीटरमध्येच राहतात. म्हणून तो शंभरपट उडतो.

आता मूळ दुखणं. क्वाटर्नियन हे त्या हाडाच्या रेस्ट पोझपासूनचं वळण असतं, तेही त्या हाडाच्या स्वतःच्या अक्षांत. तुमच्या हाडांचा रोल वेगळा, म्हणून गुडघे बाजूला. क्लिपचा माणूस 'टी' पोझमधून हात खाली आणतो, म्हणजे ८० अंशांच्या आसपास. आजीचे हात आधीच ४५ अंश खाली आहेत, त्यावर आणखी ८० चढले की ते पोटातच जाणार.

आजीला पोझ मोडमध्ये हाताने 'टी' पोझमध्ये उभी करा आणि तेव्हाची वळणं साठवा. Apply Pose as Rest Pose करू नका, मेशची बांधणी बिघडेल. मग सगळं जगाच्या अक्षांत मोजा:

```python
delta = src_now @ src_ref.inverted()
tgt_now = delta @ tgt_ref
```

`src_ref` ही माणसाची रेस्ट पोझ, `tgt_ref` ही आजीची साठवलेली. दोन्हींना आपापल्या `matrix_world`ने गुणायला विसरू नका, आयात केलेल्या आर्मेचरला ९० अंशांचं वळण असतं. आई-हाड आधी, मूल-हाड नंतर, आणि मध्ये `view_layer.update()`.

घसरणीचं कारण वेगळं. कमरेपासून घोट्यापर्यंतचं अंतर दोघांचं मोजून सांगा.

गेमवेडा: अनरियलमध्ये मला हाच त्रास होता. मिक्सामोला कमरेच्या वर रूट हाड नसतं, ते घातलं आणि सुटलं. तुम्हीही घाला.

हाडवैद्य: तो प्रश्न गेम इंजिनला पात्र पुढे सरकवायचं असतं तेव्हाचा. इथे त्याने पाय घसरायचे थांबणार नाहीत.

चैत्रपालवी: माणूस ०.८६ मीटर, आजी ०.४३.

हाडवैद्य: म्हणजे निम्मं. आजीची पावलं निम्मी पडतात, पण कंबर माणसाएवढीच पुढे जाते. कंबर रेस्टपासून जेवढी हलते तेवढ्याच अंतराला ०.५ने गुणा, उंचीतल्या चढउतारालाही.

चैत्रपालवी: हात, गुडघे, चाल, तिन्ही जमलं! खूप आभार. पण उकिडवी बसली की घोटे ४ सेंटीमीटर खाली जातात. उभी असताना अगदी बरोबर आहेत.

हाडवैद्य: मांडी आणि नडगी वेगवेगळी मोजा.

चैत्रपालवी: माणसाची ०.४४ आणि ०.४२. आजीची ०.१८ आणि ०.२५.

हाडवैद्य: मिळालं. बेरीज निम्मी आहे, वाटणी नाही. उभं असताना फक्त बेरीज लागते, म्हणून चूक दिसत नाही. बसल्यावर मांडी जवळजवळ आडवी होते आणि उंची एकट्या नडगीवर येते. निम्म्या मापाने नडगी ०.२१ हवी होती, तुमची ०.२५ आहे. तेच ते ४ सेंटीमीटर.

कोन नक्कल करून हे सुटत नाही. माणसाच्या घोट्याची जागा निम्मी करून ती पायाच्या आयकेला लक्ष्य म्हणून द्या, पोल टार्गेट गुडघ्यापुढे ठेवा आणि मग बेक करा. गुडघ्याचा कोन क्लिपपेक्षा वेगळा येईल, तो येऊ द्या.

गेरू: त्यापेक्षा कंबरच ४ सेंटीमीटर वर घेतली तर?

हाडवैद्य: दोन्ही पाय सारखे दुमडलेले असतील तोवर चालेल. उठताना एक पाय आधी सरळ होतो, तो तेव्हा हवेत राहील.

चैत्रपालवी: आयकेने पाय टेकले. आता शेवटी ती हंडा डोक्यावर ठेवते तिथे दोन्ही तळवे डोक्याच्या आत जातात. डोकं लहान करायचं नाही, तिचा चेहराच त्यावर उभा आहे.

हाडवैद्य: हातांना प्रमाण लावून इथे उपयोग नाही, डोकं शरीराच्या प्रमाणात नाहीच. मी असतो तर हंड्यावर दोन एम्प्टी ठेवून हातांचा आयके तेवढ्या फ्रेम्सपुरता चालू केला असता. पण तो चालू होताना कोपर झटका देतं, आणि तो मला अजून हाताने कीफ्रेम्स लावल्याशिवाय काढता आलेला नाही. कोणी काढला असेल तर इथे लिहा.